होडीचं तोंड कुठे ठेवायचं: तिरकी नदी ओलांडताना वेळ आणि ड्रिफ्ट कसा काढायचा

औदुंबरला दत्ताच्या देवळाखालच्या घाटावरून पलीकडे भुवनेश्वरीच्या देवळाकडे होडीनं गेला असाल आणि कृष्णेला बऱ्यापैकी पाणी असेल तर एक गोष्ट नक्की दिसली असणार. नावाडी होडीचं तोंड समोरच्या घाटाकडे धरतच नाही, थोडं वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतंय तिकडे तिरकं धरतो, आणि तरी होडी जाते मात्र घाटाकडे. तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे. अकरावीच्या फिजिक्समधलं नदी-होडीचं गणित म्हणजे एवढंच आहे, आणि ज्यांना ते अडतं त्यांना बहुतेक वेळा सूत्रामुळे नाही तर ह्या दोन दिशा एकच समजल्यामुळे अडतं. म्हणून आज एकच होडी, एकच नदी घेऊन सगळं शेवटपर्यंत करू.

आकडे मी हिशोबाला सोपे पडतील असे घेतलेत पण वल्ह्याच्या होडीला शोभतील असेच आहेत. नदीची रुंदी १२० मीटर. साचलेल्या पाण्यात, समजा तलावात, होडीचा वेग सेकंदाला १.५ मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि सध्यापुरतं धरू की काठापासून काठापर्यंत तो सगळीकडे सारखाच आहे (तसा तो कधीच नसतो, त्याच्याकडे नंतर येतो).

आधी हे दोन वेग आणायचे कुठून

पुस्तकात दिलेले असतात, नदीवर आपल्यालाच काढावे लागतात. पाण्याचा वेग काढायला सोपा उपाय म्हणजे नारळ. काठाकाठानं २० मीटर मोजून दोन खुणा करा, वरच्या खुणेच्या थोडं वर धारेत नारळ सोडा आणि दोन खुणांमध्ये किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघा. नारळ बराचसा पाण्यात बुडून तरंगतो म्हणून त्याला वारा फार ढकलत नाही, थर्माकोल किंवा रिकामी बाटली टाकली तर तुम्ही पाण्यासोबत वाऱ्याचाही वेग मोजून बसता.

होडीचा वेग काढताना लोक एक चूक करतात, होडी वर नेतात, खाली आणतात आणि एकूण अंतर भागिले एकूण वेळ करतात. ते चालत नाही. समजा ६० मीटर वर जायला १०० सेकंद लागले आणि तेच ६० मीटर खाली यायला २५ सेकंद. वर जाताना वेग ०.६, खाली येताना २.४. आता ह्या दोन वेगांची बेरीज करून निम्मी केली की १.५, हा होडीचा स्वतःचा वेग. वजाबाकी करून निम्मी केली की ०.९, हा पाण्याचा. एका फेरीत दोन्ही मिळाले. पण १२० मीटर भागिले १२५ सेकंद केलं असतं तर ०.९६ आलं असतं आणि तो ना होडीचा वेग ना पाण्याचा, कारण वर जाताना होडी चौपट वेळ झगडत होती. दोन्ही फेऱ्या एकाच धारेत करा हेही महत्त्वाचं, वर जाताना काठाला धरून आणि खाली येताना मधून आलात तर आकडे एकमेकांशी जुळणारच नाहीत.

कोन कशापासून मोजलाय

इथे दोन मिनिटं थांबा, कारण माझ्या अनुभवात निम्मी गणितं इथेच चुकतात. होडीचं तोंड तिरकं आहे म्हणजे कशापासून तिरकं? मी नेहमी समोरच्या काठाकडे जाणाऱ्या सरळ आडव्या रेषेपासून मोजतो, म्हणजे दोन्ही काठांना काटकोनात असलेली रेषा. पण प्रश्नात पुष्कळदा कोन प्रवाहाच्या दिशेपासून दिलेला असतो. "होडीचं तोंड प्रवाहाशी ११०° कोनात" असं लिहिलं असेल तर त्यातले ९०° काटकोनाचे, उरलेले २०° वरच्या अंगाला. "प्रवाहाशी ७०°" असेल तर तेच २०° पण खालच्या अंगाला. आणि "काठाशी ७०°" असं कुणी नुसतं लिहिलं तर वर का खाली ते कळतच नाही, दुसरी ओळ वाचावी लागते.

दुसरं म्हणजे, दिलेला कोन होडीच्या तोंडाचा आहे का होडीच्या वाटेचा? "होडी काठाशी काटकोनात जाते" म्हणजे वाट काटकोनात आहे, तोंड नाही. "वल्हवतो काटकोनात" म्हणजे तोंड. एका शब्दानं अख्खं गणित बदलतं, म्हणून चित्र काढताना दोन वेगळे बाण काढा, शक्यतो दोन रंगांनी.

वेगाचे दोन तुकडे

आता होडीचा १.५ चा वेग दोन तुकड्यांत फोडायचा. एक तुकडा पलीकडच्या काठाकडे, एक तुकडा नदीच्या लांबीवर. पाण्याचा ०.९ चा वेग मात्र फोडायचा नाही, तो आधीच पूर्ण लांबीवर आहे, पलीकडे नेण्यात त्याचा काडीचाही वाटा नाही. सगळा विषय ह्याच एका वाक्यावर उभा आहे. पाणी कितीही जोरात वाहू दे, ते होडीला ना पलीकडच्या काठाच्या जवळ नेतं ना लांब. म्हणून वेळ काढताना पाण्याचा वेग लागतच नाही, आणि ड्रिफ्ट काढताना तो वेळ लागतो. क्रम पक्का आहे, आधी वेळ, मग ड्रिफ्ट.

d म्हणजे रुंदी, v होडीचा वेग, u पाण्याचा वेग आणि θ म्हणजे आडव्या रेषेपासून वरच्या अंगाला तोंड किती वळवलंय ते. मग:

```
t = d / (v cosθ)
x = (u - v sinθ) * t
```

x म्हणजे ड्रिफ्ट, समोरच्या बिंदूपासून होडी किती खाली लागली. उत्तर उणे आलं तर घाबरू नका, होडी वरच्या अंगाला लागली एवढाच अर्थ. आणि तोंड खालच्या अंगाला असेल तर θ उणे धरा, सूत्र तेच राहतं.

आधी सगळ्यात साधी केस, तोंड सरळ समोर. कोन शून्य, म्हणून पूर्ण १.५ पलीकडे जाण्यात कामी येतो. १२० भागिले १.५ म्हणजे ८० सेकंद. तेवढ्या वेळात पाणी ०.९ गुणिले ८० म्हणजे ७२ मीटर खाली घेऊन जातं. ह्यापेक्षा कमी वेळात ही होडी ही नदी ओलांडूच शकत नाही, कारण तोंड कुठेही वळवलं तरी पलीकडचा तुकडा १.५ पेक्षा लहानच होणार.

आता तोंड २०° वर. कॉस २०° म्हणजे ०.९४, तर पलीकडचा वेग १.४१ आणि वेळ ८५ सेकंद. साइन २०° म्हणजे ०.३४२, तर होडी स्वतः वरच्या अंगाला ०.५१ नं झगडतेय, पाणी ०.९ नं खाली नेतंय, शिल्लक ०.३९ खाली. ८५ सेकंदांत ३३ मीटर. बघा काय झालं, फक्त ५ सेकंद जास्त गेले आणि ड्रिफ्ट ७२ वरून ३३ वर आला. लहान कोनाला कॉस फारसा कमी होत नाही पण साइन पटकन वाढतो, त्यामुळे थोडं वर धरणं इतकं स्वस्त पडतं.

आणि तेच २०° चुकून खालच्या अंगाला धरले तर? वेळ तोच, ८५ सेकंद, कारण कॉसला वर-खाली कळत नाही. पण आता ०.९ मध्ये ०.५१ मिळवायचे, १.४१ होतात आणि होडी १२० मीटर खाली जाऊन लागते. वेळ एकच आणि लागायची जागा जवळजवळ नव्वद मीटर लांब. कोनाची बाजू चुकली तर वेळेचं उत्तर बरोबर येतं आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही, ड्रिफ्ट बघूनच कळतं.

बरोब्बर समोर लागायचं असेल तर

ड्रिफ्ट शून्य हवा म्हणजे होडीचा वर झगडणारा तुकडा पाण्याच्या वेगाइतका हवा. साइन θ बरोबर ०.९ भागिले १.५, म्हणजे ०.६, कोन सुमारे ३७°. कॉस ०.८, पलीकडचा वेग १.२, वेळ १०० सेकंद. म्हणजे सरळ तोंड धरण्यापेक्षा २० सेकंद जास्त, पण उतरून ७२ मीटर चिखलातनं मागे चालत यायचं वाचलं.

तोंड त्याहून वर, ५०° केलं तर वेळ जातो सुमारे १२५ सेकंद आणि होडी ३१ मीटर वर लागते, म्हणजे दमणूकही झाली आणि घाटही चुकला.

ह्या ३७ अंशात किती चूक चालते ते मी मुद्दाम काढून बघितलं. ५° कमी धरलं, म्हणजे ३२°, तर होडी १० मीटर खाली. ५° जास्त धरलं तर ११ मीटर वर. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजानं ५° ची चूक सहज होते, त्यामुळे नदीवर कुणीही कोन मोजत बसत नाही, तिथे खूण वापरतात. पलीकडच्या काठावर एकामागे एक असलेल्या दोन गोष्टी निवडा, जवळचं एक झाड आणि त्याच्या मागे लांब देवळाचा कळस. तुम्ही निघालात तिथून त्या दोन्ही एका रेषेत दिसतायत. आता होडी चालवताना त्या एका रेषेत राहिल्या तर तुमची वाट सरळ आहे, मग तोंड कुठेही असू दे. झाड आणि कळस एकमेकांपासून सरकायला लागले तर तुम्ही रेषेवरून हललात. प्रवाह उजवीकडे वाहत असेल आणि तुम्ही उजवीकडे वाहवलात, तर जवळचं झाड कळसाच्या डावीकडे सरकलेलं दिसेल. म्हणजे तोंड अजून वर घ्या.

खूण एकच ठेवली तर हे जमत नाही, उलट फसवणूक होते. नवा वल्हवणारा समोरच्या घाटावर नजर ठेवतो आणि तोंड सतत घाटाकडेच ठेवतो. सुरुवातीला पाणी त्याला खाली नेतं, तो तोंड घाटाकडे वळवतो, अजून खाली जातो, अजून वळवतो, आणि शेवटी जवळजवळ प्रवाहाच्या विरुद्ध वल्हवत घाटाला येतो. वाट वाकडी होते. ह्याचाही वेळ काढता येतो:

```
t = d * v / (v^2 - u^2)
```

१२० गुणिले १.५ म्हणजे १८०, खाली २.२५ वजा ०.८१ म्हणजे १.४४, उत्तर १२५ सेकंद. पोचतो तो तिथेच, पण ३७° धरून १०० सेकंदांत पोचणाऱ्यापेक्षा २५ सेकंद उशिरा, आणि सगळ्यात जड वल्हवणं शेवटी, हात दमल्यावर. औदुंबरचा नावाडी निघतानाच तोंड वर का धरतो ह्याचं उत्तर ह्या २५ सेकंदांत आहे.

नेहमीची चूक आणि ती पकडायची युक्ती

मी शिकत असताना मी स्वतः हे असं करायचो: दोन्ही वेगांची पायथागोरसनं बेरीज करायची आणि रुंदीला त्यानं भागायचं. सरळ तोंडाच्या केसमध्ये होडीचा काठावरून दिसणारा वेग १.५ चा वर्ग अधिक ०.९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, १.७५ येतो. १२० भागिले १.७५ केलं तर ६८.६ सेकंद. दिसायला ठीक वाटतं पण चूक आहे, कारण १.७५ हा तिरक्या वाटेवरचा वेग आहे आणि १२० हे आडवं अंतर, दोन वेगळ्या रेषांवरचे आकडे एकमेकांना भागलेत. तिरकी वाट किती लांब आहे ते काढा, १२० आणि ७२ चा कर्ण, १४० मीटर. १४० भागिले १.७५ बरोबर ८०. आता जुळलं. उत्तर तपासायची हीच पद्धत वापरा, तिरकी लांबी भागिले तिरका वेग हा वेळ आडवी रुंदी भागिले आडव्या वेगाच्या वेळेइतकाच यायला हवा, नाही आला तर कुठेतरी कोन किंवा घटक चुकलाय. आणि त्याहून सोपी तपासणी, वेळ ८० पेक्षा कमी आला तर उत्तर बघायचंच नाही, खोडून टाकायचं.

पाणी होडीपेक्षा जोरात असेल तर

पाऊस झाला, पाणी वाढलं, प्रवाह सेकंदाला २ मीटर झाला आणि होडी तीच १.५ ची. आता साइन θ बरोबर २ भागिले १.५ येतं, एकापेक्षा जास्त, असा कोनच नाही. समोर लागणं अशक्य. मग प्रश्न बदलतो, कमीत कमी किती खाली जाऊ? इथे बरेच जण म्हणतात जमेल तितकं वर तोंड धरा. करून बघू. ३०° वर धरलं तर ११५ मीटर खाली. ६०° वर धरलं तर ११२ मीटर. पण मध्ये कुठेतरी, ४८.६° ला, १०६ मीटर. म्हणजे जास्त वर धरणं उलटतं, कारण पलीकडचा वेग इतका कमी होतो की पाण्याला तुम्हाला न्यायला जास्त वेळ मिळतो. हा कोन साइन θ बरोबर होडीचा वेग भागिले पाण्याचा वेग असा येतो, म्हणजे १.५ भागिले २, आधीच्या सूत्राच्या बरोबर उलटा. लक्षात ठेवायला सोपं: भागाकार नेहमी लहान वेग वर, मोठा वेग खाली.

अशा पाण्यात अनुभवी माणूस काय करतो तर कोनाशी भांडत बसत नाही, काठाला धरून, जिथे पाणी मंद असतं तिथून, होडी आधी शंभर-सव्वाशे मीटर वर नेतो आणि मग सोडतो. अर्थात २ मीटरचा प्रवाह म्हणजे वल्ह्याच्या होडीनं नदीत उतरायचंच नाही, वाहून येणारं एखादं ओंडकं पुरतं. हे गणित कागदावर करा.

खऱ्या नदीत पाणी सगळीकडे सारखं नसतं

आता तो सुरुवातीचा राहिलेला मुद्दा. काठाजवळ पाणी हळू, मध्ये जोरात, आणि नदी वळत असेल तर बाहेरच्या काठाला सगळ्यात जोरात. मधला वेग ०.९ मोजला आणि तोच सगळ्या रुंदीला लावला तर ड्रिफ्ट फुगतो. उपाय म्हणजे नदीचे पट्टे पाडायचे. आपली १२० मीटर तीन पट्ट्यांत, ४०-४० मीटर. अलीकडच्या पट्ट्यात ०.५, मधल्यात ०.९, पलीकडच्यात ०.४. तोंड सरळ धरलं तर प्रत्येक पट्टा पार करायला २६.७ सेकंद, कारण वेळेला पाण्याशी देणंघेणं नाही. ड्रिफ्ट १३.३ अधिक २४ अधिक १०.७, एकूण ४८ मीटर. आधी ७२ आलं होतं. पट्टे सारख्या रुंदीचे असतील आणि तोंडाचा कोन बदलत नसाल तर थेट सरासरी वेग ०.६ वापरला तरी ४८च येतं.

मग समोर लागायला कोन? साइन θ बरोबर ०.६ भागिले १.५, म्हणजे ०.४, कोन सुमारे २४°, वेळ ८७ सेकंद. मघाचे ३७° तसेच धरून ठेवले असते तर १०० सेकंदांत होडी ३० मीटर वर जाऊन लागली असती. पण २४° ला वाट सरळ राहत नाही, पहिल्या पट्ट्यात होडी रेषेच्या ३ मीटर वर जाते, मधल्यात धार तिला रेषेच्या ६ मीटर खाली आणते, शेवटच्यात परत वर चढून ती घाटाला लागते. मधेच झाड आणि कळस सरकलेले दिसले म्हणून घाबरून तोंड वळवलं तर हिशोब बिघडतो. सरळ रेषेतच राहायचं असेल तर प्रत्येक पट्ट्यात कोन बदलत राहावा लागतो, अलीकडे १९°, मध्ये ३७°, पलीकडे १५°, आणि सगळे मिळून साधारण ८९ सेकंद लागतात, म्हणजे फक्त दोनेक सेकंद जास्त. मी तरी नवख्याला हेच सांगेन, रेषा धरा, दोन सेकंद गेले तर जाऊ देत.

खाडीत मात्र अजून एक गोष्ट मध्ये येते. दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठीच्या खाडीत, किंवा गोव्यात रायबंदरहून चोडणला मांडवीत, u चं चिन्हच दिवसातनं चारदा बदलतं. भरतीला पाणी आत, ओहोटीला बाहेर, साधारण सव्वासहा तासांनी उलटं. सकाळी वरचा अंग जिकडे होता तिकडे दुपारी खालचा असतो. तिथे गणित करताना पहिली ओळ हीच लिहायची की आत्ता पाणी कुठल्या बाजूला चाललंय, आणि ते धक्क्याला बांधलेल्या होड्यांकडे बघून कळतं, फक्त तोंडाकडून एकाच दोरीनं नांगरलेली होडी आपलं तोंड पाणी येतंय तिकडेच करून उभी असते, वारा फार नसेल तर.